तीन ठिकाणचा १.२६

भुसावळच्या पुढे महामार्गावरून दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. पहिला ६२.५ मेगावॉटचा छोटा संच १९६८ सालचा. मग २१०चे दोन आले, पुढे ५००चे दोन, आणि आता ६६०चा नवा. कोळसा रेल्वेने येतो आणि जळून उरलेली राख पाण्याबरोबर वेल्हाळ्याच्या बंडात जाते. उन्हाळ्यात बंड कोरडा पडून वारा सुटला की ती राख गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर आणि केळीच्या पानांवर बसते. या हवेने माणसाचे किती बिघडते, हा प्रश्न इथल्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. जळगावच्या विद्यापीठात किंवा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यावर प्रबंध लिहायला घेतला की अडचण ‘किती’ या शब्दापाशी येते.

हवेतले कण मोजता येतात, दवाखान्याच्या नोंदवह्या चाळता येतात, गावोगाव फिरून खोकल्याची प्रश्नावली भरून घेता येते. पण प्रदूषणाने मृत्यूची जोखीम किती वाढते हे ठरवायला हजारो माणसांचा पंधरा-वीस वर्षे माग ठेवावा लागतो, आणि ते एका पीएचडीच्या आवाक्यातले काम नाही. म्हणून दुसऱ्या प्रकरणात, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, बाहेरचे आकडे येतात. ते बहुधा एका तक्त्यात येतात: लेखक, वर्ष, ठिकाण आणि शेवटच्या रकान्यात ‘परिणाम’. तक्त्याचे दुखणे या शेवटच्या रकान्यात असते. वरच्या ओळीत १.२६, खालच्या ओळीत १.१७, त्याखाली ७.३ टक्के, त्याखाली ०.६८ टक्के. सगळे आकडे एकाखाली एक बसलेले असतात, आणि एकाखाली एक बसलेल्या आकड्यांची वाचणारा तुलना करणारच.

या विषयाच्या वाङ्मयात १.२६ हा आकडा तीन ठिकाणी भेटतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे.

पहिला १.२६ डॉकरी आणि सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या ‘सहा शहरां’च्या अभ्यासातला. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा त्यांनी १४ ते १६ वर्षे पाठपुरावा केला. धूम्रपान वगैरे गोष्टींचा हिशेब धरल्यानंतर सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या १.२६ पट निघाला, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०८ ते १.४७ होता. दुसरा १.२६ पोप आणि सहकाऱ्यांच्या १९९५ सालच्या निबंधात आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने जमवलेल्या साडेपाच लाख लोकांच्या माहितीवरचा हा अभ्यास. त्यात सूक्ष्म कणांसाठी जोखीम १.१७ पट आली आणि इंटरव्हल १.०९ ते १.२६. म्हणजे इथला १.२६ हा इंटरव्हलचा वरचा काठ आहे. तिसरा लेडन आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या निबंधात. त्यांनी त्याच सहा शहरांचा पाठपुरावा पुढे नेला तेव्हा जोखीम १.१६ आणि इंटरव्हल १.०७ ते १.२६ आला. इथेही तो वरचा काठच, पण मोजमाप बदललेले: हा परिणाम घनमीटरमागे पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमने वाढले तर होणारा.

घाईत वाचणाऱ्याने तक्ता भरला की त्याखाली एक वाक्य हमखास येते: सहा शहरांच्या अभ्यासात आधी २६ टक्के दिसलेली वाढ पुढच्या पाठपुराव्यात १६ टक्क्यांवर आली. वाक्य समजूतदार वाटते. काळाबरोबर हवा सुधारली, उपचार सुधारले, परिणाम ओसरला, असे स्पष्टीकरणही लगेच सुचते. प्रत्यक्षात असे काही घडलेलेच नाही.

१९९३चा १.२६ कशामागे आहे ते पाहा. स्ट्यूबेनव्हिल हे सर्वांत प्रदूषित शहर, तिथे सूक्ष्म कण सरासरी २९.६ मायक्रोग्रॅम. पोर्टेज सर्वांत स्वच्छ, तिथे ११. दोहोंतले अंतर १८.६. म्हणजे १.२६ ही १८.६ मायक्रोग्रॅमच्या उडीची किंमत आहे, तर २००६चा १.१६ ही १०च्या उडीची. रावेरच्या बाजारात केळीचा भाव कानावर पडला तर कोणीही आधी विचारतो, क्विंटलचा की डझनाचा. प्रबंधात हा प्रश्न विचारायचा राहून जातो, कारण निबंधाच्या गोषवाऱ्यात ‘१.२६ पट’ एवढेच असते आणि १८.६ मिळवायला आतल्या तक्त्यापर्यंत जावे लागते.

दोन्ही आकडे एका मापावर आणता येतात. जोखमीची पटी गुणाकाराने वाढते असे गृहीत धरलेले असते, म्हणून सरळ त्रैराशिक न मांडता आधी लॉग घ्यायचा, मग भागायचे, मग पुन्हा उलट यायचे:

```
exp( 10 × ln(1.26) / 18.6 ) = 1.13
```

इंटरव्हलची दोन्ही टोकेही याच वाटेने न्यायची: १.०८ चे १.०४ होते आणि १.४७ चे १.२३. आता दोन ओळी शेजारी ठेवा. १९९३ मध्ये दर १० मायक्रोग्रॅममागे १.१३ (१.०४ ते १.२३), २००६ मध्ये १.१६ (१.०७ ते १.२६). परिणाम ओसरला नाही. बदललाच असेल तर जरासा वाढला, आणि इंटरव्हल एकमेकांवर इतके आडवे पडतात की वाढला म्हणणेही धाडसाचे. सगळा उतार रकान्याच्या मथळ्यातून गळलेल्या एककातून आला होता.

पोप यांच्या १९९५च्या आकड्यालाही हेच करायचे. त्यांच्या सर्वांत प्रदूषित आणि सर्वांत स्वच्छ शहरांत २४.५ मायक्रोग्रॅमचे अंतर होते. १.१७ त्या मापाने उतरवला की दर १० मागे १.०७ च्या आसपास येतो. मूळ आकडे पाहून २६ आणि १७ टक्के, म्हणजे दीडपट फरक वाटत होता. एका मापावर १३ आणि ७ टक्के, जवळजवळ दुप्पट. म्हणजे कच्चे आकडे शेजारी ठेवल्याने दोन अभ्यासांमधला खरा मतभेद झाकला जात होता. माप बदलल्यावर फरक नेहमी कमी होतो असे नाही.

सरळ भागाकार केला असता तर १.२६ चे १.१३ ऐवजी १.१४ आले असते. एवढ्याशा फरकासाठी लॉगची खटपट कशाला, असे कोणी म्हणेल. पटी लहान आणि उडी लहान असते तोवर ते चालून जाते. पण जोखीम दुप्पट-तिप्पट असेल किंवा माप १ वरून ५० वर न्यायचे असेल, तेव्हा सरळ भागाकार भलतीकडे नेतो. आणि परीक्षकाने आकडा कसा आला विचारले तर ‘अंदाजे भागले’ हे उत्तर पुरत नाही.

लॉगचा आणखी एक उपयोग आहे, जो मला फार आवडतो. अशा पटींचे इंटरव्हल लॉगच्या मापावर दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असतात. म्हणून दोन टोकांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की मधला आकडा परत मिळायला हवा. १.०८ गुणिले १.४७ म्हणजे १.५८७६, आणि त्याचे वर्गमूळ बरोबर १.२६. १.०९ गुणिले १.२६, वर्गमूळ १.१७. १.०७ गुणिले १.२६, वर्गमूळ १.१६. तिन्ही अभ्यास या कसोटीला उतरतात. प्रबंधातल्या तक्त्यात ‘१.१७ (१.०८ ते १.४७)’ असे दिसले तर मूळ निबंध न उघडताही सांगता येते की एका ओळीचा आकडा दुसरीच्या कंसात गेला आहे. कॅल्क्युलेटरवर प्रत्येक ओळीला अर्धा मिनिट लागते. मात्र ही कसोटी एकक चुकलेले पकडत नाही. १८.६चा १.२६ ‘दर १० मागे’ म्हणून लिहिला तरी वर्गमूळ जुळतच राहते. आणि आकडे दोन दशांशांपर्यंत छाटलेले असतात, त्यामुळे ०.०१ च्या फरकावरून कोणाला धारेवर धरू नये.

चुकीचे उद्धरण दर वेळी हात घसरल्यामुळेच होते असे नाही. पोप आणि सहकाऱ्यांच्या २००२ सालच्या निबंधाचा गोषवारा म्हणतो की दर १० मायक्रोग्रॅममागे एकूण मृत्यूंची जोखीम सुमारे ४ टक्के, हृदय-फुप्फुसांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंची ६ टक्के आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्यांची ८ टक्के वाढते. आतला तक्ता उघडला की दिसते, प्रदूषणाची मोजमापे दोन काळांतली आहेत आणि तिसरा रकाना त्यांच्या सरासरीचा. सरासरी धरली तर एकूण मृत्यूंचा आकडा ६ टक्के होतो. म्हणून कोणी या निबंधाचा हवाला देऊन ४ लिहितो, कोणी ६, आणि दोघेही खरे असतात. त्यातच ६ टक्के हा गोषवाऱ्यात हृदय-फुप्फुसांच्या मृत्यूंचा आकडा आहे. दुसऱ्याच्या आढाव्यातून ६ उचलला तर तो कोणता ६ हे उचलणाऱ्याला कळायला मार्ग नाही. माझ्या मते आढाव्याच्या तक्त्यात मूळ निबंधातला तक्ता क्रमांक आणि रकाना लिहिण्याची सक्तीच हवी. मार्गदर्शक कुरकुरतील, पण त्या एका नोंदीने निम्मी उसनवारी थांबेल.

आणखी एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही. डॉकरी आणि लेडन यांच्या दोन ओळी त्याच माणसांच्या आहेत, आणि १९९५ व २००२ चे पोप यांचे निबंधही एकाच जमवलेल्या माहितीवरचे. चार ओळी, पण स्वतंत्र पुरावे दोनच. ‘चारही अभ्यासांनी एकमुखाने दाखवले’ असे लिहिणे म्हणजे दोन साक्षीदारांना दोनदा बोलावणे. चार ओळींची सरासरी काढली तर बिघाड आणखी खोल जातो, कारण त्याच लोकांचे वजन दोनदा पडते आणि इंटरव्हल नाहक अरुंद दिसतो.

इथवरच्या अडचणी हिशेबाने सुटणाऱ्या होत्या. पुढची सुटत नाही.

२०१७ साली दी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेडिकेअर या वृद्धांच्या आरोग्य योजनेच्या नोंदींवरून दर १० मायक्रोग्रॅममागे मृत्यूंची जोखीम ७.३ टक्क्यांनी वाढते असे मांडले. २०१९ साली लिऊ आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ६५२ शहरांचा अभ्यास करून तेवढ्याच १० मायक्रोग्रॅममागे ०.६८ टक्के वाढ दाखवली. एकक सारखे, कण सारखे, दोन्ही निबंध एकाच नियतकालिकातले. तरी आकड्यांत दहापट फरक, आणि कुठलाही लॉग तो मिटवू शकत नाही. पहिल्यात वर्षाची सरासरी हवा आहे: जिथली हवा वर्षानुवर्षे १० ने वाईट, तिथे माणसे किती लवकर मरतात. दुसऱ्यात दिवसाची हवा: काल-आज कण १० ने वाढले तर आजच्या मृत्यूंत किती भर पडते. एक प्रश्न माणसाच्या आयुष्यभर साचत गेलेल्या नुकसानीचा, दुसरा आधीच काठावर असलेल्याला कोणत्या दिवसाने ढकलले याचा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या मापात उतरवता येत नाही. मध्ये ‘सरासरी ४ टक्के’ अशी तडजोड केली तर ती जगातल्या कुठल्याच गोष्टीचे माप नसते. दोन वेगळे तक्ते करायचे, एवढाच उपाय.

भारतीय अभ्यासांतही हीच जोडी भेटते. २०२४ साली अहमदाबाद ते वाराणसी अशा दहा शहरांच्या अभ्यासात, ज्यात मुंबई आणि पुणेही आहेत, दोन दिवसांच्या सरासरी पीएम २.५ मध्ये १० ची वाढ झाली तर रोजचे मृत्यू १.४२ टक्क्यांनी वाढतात असे दिसले. त्याच वर्षी देशातल्या ६५५ जिल्ह्यांच्या नोंदींवरून वार्षिक सरासरीसाठी ८.६ टक्के हा आकडा आला. प्रबंधात हे दोन ‘भारतीय आकडे’ म्हणून शेजारी बसवण्याचा मोह मोठा आहे. पण १.४२ ची सोबत लिऊ यांच्या ०.६८ शी आणि ८.६ ची दी यांच्या ७.३ शी. राष्ट्रीयत्वापेक्षा मोजलेला काळ आधी पाहायचा. शिवाय दहा शहरांच्या त्या निबंधात एका वेगळ्या पद्धतीने काढलेला ३.५७ टक्के हा आकडाही आहे. तो मोठा म्हणून उचलणारे आहेत, १.४२ लहान म्हणून उचलणारेही असतील. पद्धतीचे नाव न लिहिता दोन्हींतला कुठलाही उचलला तरी निबंध अर्धाच उद्धृत होतो.

दिल्लीचा एक जुना आकडा आहे: दर १० मायक्रोग्रॅम पीएम १० मागे रोजचे मृत्यू ०.१५ टक्क्यांनी वाढतात. त्यातले कण जाड आहेत. पीएम १० चा निम्मा भाग पीएम २.५ असतो असे धरून हा आकडा दुप्पट करण्याची चाल आढाव्यांमध्ये दिसते. त्यामागे दोन गृहीतके लपलेली असतात: प्रमाण निम्मेच आहे, आणि सगळे नुकसान बारीक कणांचेच आहे. दीपनगरच्या परिसरात पहिलेच गृहीतक डळमळते. बंडावरून उडणारी कोरडी राख जाड असते, चिमणीतून वर जाणाऱ्या वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेटचे कण अतिशय बारीक असतात, आणि दोन्हींचे प्रमाण ऋतू नि वाऱ्याप्रमाणे बदलते. इथले प्रमाण मोजून माहीत नसेल तर पीएम १० चा आकडा पीएम १० म्हणूनच राहू द्यावा.

विद्युत केंद्राजवळच्या वस्त्यांमध्ये होतात ती बहुधा लक्षणांची सर्वेक्षणे: जवळच्या गावात किती जणांना खोकला, दूरच्या गावात किती जणांना. यांचे निकाल ऑड्स रेशोत येतात, आणि मृत्यूंच्या अभ्यासातली रिलेटिव्ह रिस्क त्यांच्याशेजारी ठेवली की घोटाळा होतो. समजा, दूरच्या गावात शंभरातल्या ३० जणांना जुनाट खोकला आहे आणि जवळच्या गावासाठी ऑड्स रेशो २ आला. ‘जवळच्या गावात खोकला दुप्पट’ असे वाक्य लगेच तयार होते. पण ३० जणांना आहे आणि ७० जणांना नाही, म्हणजे ऑड्स ०.४३. त्याचे दुप्पट ०.८६. त्यावरून उलट गेले तर शंभरात सुमारे ४६ जण होतात. तीसचे सेहेचाळीस ही दीडपट आहे, दुप्पट नव्हे. खोकल्याऐवजी शंभरात एखाद्यालाच होणारा आजार असता तर ऑड्स रेशो २ आणि दुप्पट यांत फरक जवळपास उरला नसता. म्हणून ऑड्स रेशोच्या ओळीत मूळ प्रमाण लिहिलेले नसेल तर ती ओळ वाचताच येत नाही. हिशेबाने रूपांतर करण्याचे एक सूत्र प्रचलित आहे, पण मूळ निबंधात वय, धूम्रपान, चूल या सगळ्यांचा हिशेब धरून ऑड्स रेशो काढलेला असेल तर ते सूत्र नेमके चालत नाही. रूपांतरित आकडा आपला आहे, मूळ लेखकाचा नाही, हे तक्त्यात दिसले पाहिजे. मूळ आकड्याचा एक रकाना आणि त्याशेजारी आपल्या हिशेबाचा दुसरा, एवढी जागा कागदावर नक्की असते.

दीपनगरसाठी सर्वांत जवळचा वाटणारा आकडा २०२३ सालचा आहे. हेनेमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोळशावरच्या विद्युत केंद्रांमधून येणारे पीएम २.५ वेगळे काढले आणि त्यांच्यात १ मायक्रोग्रॅमची वाढ झाली तर वृद्धांची मृत्यूची जोखीम १.१२ टक्क्यांनी वाढते असे मांडले. तक्त्यात हा १.१२ दी यांच्या ७.३ खाली बसला की कोळसा निरुपद्रवी वाटतो, कारण एक आकडा १ मायक्रोग्रॅमचा आहे आणि दुसरा १०चा. दहाच्या मापावर नेला तर १.१२ चे ११.८ टक्के होतात. हिशेब बिनचूक आहे आणि तरीही मी तो रकान्यात लिहिणार नाही. त्या अभ्यासाच्या सुरुवातीला, १९९९ मध्ये, कोळशाच्या कणांची सरासरी २ मायक्रोग्रॅमच्या थोडी वर होती आणि २०२० पर्यंत ती ०.१ च्याही खाली आली. दहाची उडी त्या लोकसंख्येच्या सरासरीत कधी घडलीच नाही. जिथे माहिती नाही तिथपर्यंत रेघ लांबवणे फूटपट्टीला जमते, पुराव्याला जमत नाही. जास्त प्रदूषणात प्रत्येक पुढच्या मायक्रोग्रॅमचा परिणाम कमी होत जातो, अशी चिन्हे या वाङ्मयात आहेत. भारताचे पीएम २.५ चे वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम आहे, आणि स्ट्यूबेनव्हिलसारखे त्या काळचे कुप्रसिद्ध शहरही त्याच्या खालीच होते.

कोळशाचे कण एकूण पीएम २.५ च्या २.१ पट घातक, असेही ते लेखक सांगतात. आपणच दी यांच्या ७.३ चे दर १ मागचे माप काढून १.१२ ला त्याने भागले तर १.६ येते. कोणता आकडा खरा, हा प्रश्नच चुकीचा. २.१ उद्धृत करायचा तर लेखकांनी भाजक कोणता धरला ते वाचून त्यासकट करायचा, आणि १.६ हा घरचा भागाकार वगळायचा, कारण दोन निबंधांची वर्षे आणि पद्धती वेगळ्या आहेत. राहिला दीपनगरचा रकाना. तिथे लिहिता येते ते एवढेच: ‘६५ वर्षांवरील अमेरिकन लोकसंख्येत, कोळशाच्या कणांची पातळी सरासरीने ३ मायक्रोग्रॅमच्या आत असताना, दर १ मायक्रोग्रॅम वार्षिक वाढीमागे १.१२ टक्के, १० मायक्रोग्रॅमच्या मापावर नेलेले नाही.’ ओळ लांबते, रकान्यात मावत नाही, टंकलेखकाला तक्ता आडवा छापावा लागतो. तो तसाच छापावा.